अंगठ्याचा ठणका आणि ‘नॉर्मल’ आलेला रिपोर्ट

‘डॉक्टर, ह्यांचं वय ४९. अलिबागजवळ आमचं किराणा दुकान आहे. रविवारी घरी पाहुणे होते, मटण झालं, ह्यांनी दोन बाटल्या बिअर घेतली. पहाटे तीनला कण्हत उठले. डाव्या पायाचा अंगठा बुंध्याशी लालबुंद आणि टम्म सुजलेला, चादर लागली तरी ओरडायचे. मेडिकलवाल्याने डायक्लोफेनॅक दिली, ती दोन वेळा घेतायत. सासूबाई तेल लावून शेकतायत. तिसऱ्या दिवशी युरिक ॲसिड तपासलं, ६.१ आलं, रिपोर्टवर नॉर्मल आहे. दोन वर्षांपूर्वीही असंच झालं होतं, पाय मुरगळला समजून सोडून दिलं, आठ दिवसांत बरं झालं. बीपीसाठी तीन वर्षांपासून टेल्मिसार्टन-क्लोरथॅलिडोनची गोळी आहे. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे गाऊट नाही ना? डाळी, टोमॅटो, पालक बंद केलेत, ते बरोबर आहे का? आणि दिरांचं युरिक ॲसिड ८.२ आहे, त्यांना काहीच त्रास नाही. त्यांनी गोळी घ्यावी का?’

ताई, तुम्ही लिहिलंय त्यावरून हा गाऊटच, म्हणजे युरिक ॲसिडमुळे येणारा सांध्याचा दाह, असण्याची शक्यता फार मोठी आहे. तो ६.१ चा आकडा पाहून गाऊटचा विचार सोडू नका. मध्यरात्री किंवा पहाटे अचानक सुरुवात, काही तासांत दुखणं शिगेला, अंगठ्याच्या बुंध्याचा सांधा, लाली, चादरीचाही स्पर्श सहन न होणं आणि पूर्वीचा झटका आपोआप बरा होणं, एवढं सगळं जुळून आलं की डॉक्टर रिपोर्टची वाट न पाहताही बऱ्याच खात्रीने निदान करतात. मुरगळलेला पाय मुरगळल्या क्षणी दुखतो. झोपेतून असा उठवत नाही.

मग युरिक ॲसिड कमी कसं आलं? झटका सुरू असताना शरीरात जी दाहाची प्रक्रिया चालते, तिच्यामुळे मूत्रपिंडं नेहमीपेक्षा जास्त युरिक ॲसिड लघवीवाटे बाहेर टाकतात. त्यामुळे ऐन दुखण्यात रक्तातली पातळी खाली येते आणि बऱ्याच रुग्णांचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. झटक्यात आकडा जास्त आला तर तो निदानाला पाठबळ देतो, पण कमी आला म्हणून गाऊट नाही असं ठरत नाही. तपासणी परत करायची ती सूज पूर्ण उतरल्यावर, दोन ते चार आठवड्यांनी. तुमचं पत्र येऊन हे उत्तर तुमच्या हातात पडेपर्यंत साधारण तेवढाच काळ गेलेला असेल, म्हणजे ती वेळ आता आली आहे. त्यासाठी उपाशी राहायची गरज नाही. फक्त आदल्या दोन-तीन दिवसांत मुद्दाम पथ्य करू नका आणि मेजवानीही नको, नेहमीचं जेवण असू द्या. आकडा खरा यायला हवा.

दुसरी गोष्ट, रिपोर्टच्या उजव्या बाजूला छापलेली ‘नॉर्मल रेंज’. पुरुषांसाठी ती बहुतेक लॅबमध्ये ७ च्या थोडी वरपर्यंत असते. पण ती लोकांची सरासरी पाहून काढलेली असते, सांध्याचं गणित वेगळं आहे. शरीराच्या तापमानाला युरिक ॲसिड रक्तात साधारण ६.८ पर्यंत विरघळतं. त्यावर गेलं की त्याचे सुईसारखे बारीक स्फटिक सांध्यात बसू लागतात. गार सरबतात जास्तीची साखर तळाशी बसते, तसंच हे. आणि पायाचा अंगठा हा शरीराचा त्यातल्या त्यात गार भाग, म्हणून पहिला फटका बहुतेक वेळा तिथेच. हे स्फटिक वर्षानुवर्षं गुपचूप साठतात आणि एखाद्या रात्री शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, तोच झटका. म्हणून गाऊट ठरलेल्या माणसासाठी आम्ही ७ नव्हे, ६ च्या खाली हे लक्ष्य धरतो. तुमच्या यजमानांचं ६.१ हे तर झटक्यातलं, म्हणजे खाली आलेलं मोजमाप आहे. एरवी ते बरंच वर असावं असा माझा अंदाज आहे.

आता मला पत्र वाचताना सगळ्यात जास्त खटकलं ते सांगते. त्यांच्या बीपीच्या गोळीत क्लोरथॅलिडोन आहे. हे लघवी वाढवणारं औषध. बीपीसाठी ते चांगलं आहे, पण ते युरिक ॲसिड शरीरात अडवून धरतं. गोळी तीन वर्षांपूर्वी सुरू झाली आणि पहिला झटका दोन वर्षांपूर्वी आला, हा क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. मटण आणि बिअर हे त्या रात्रीचं निमित्त झालं, पण जमीन तयार करण्यात या गोळीचा हात असू शकतो. बीपीच्या जोडगोळ्यांच्या पाकिटावर हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन हे नाव बारीक अक्षरात असतं, ते कुणी वाचत नाही.

गोळी मात्र स्वतःहून बंद करू नका. बीपी उसळलं तर ते अंगठ्यापेक्षा कितीतरी महाग पडेल. ज्यांनी ती दिली त्या डॉक्टरांकडे जाऊन सरळ सांगा, ‘ह्यांना दोनदा गाऊटसारखं झालंय, लघवीच्या औषधाऐवजी दुसरं चालेल का?’ ॲमलोडिपीनने युरिक ॲसिड वाढत नाही, आणि टेल्मिसार्टनच्याच गटातलं लोसार्टन तर ते थोडं कमी करतं. हा बदल बहुतेकांना जमतो. काहींना हृदयासाठी किंवा पायावरच्या सुजेसाठी लघवीचं औषध लागतंच, त्यांचं बदलता येत नाही.

याच गोळीमुळे डायक्लोफेनॅकची मला काळजी वाटली. टेल्मिसार्टन, लघवीचं औषध आणि वरून दाह कमी करणारी दुखण्याची गोळी, ही तीन औषधं एकत्र आली की मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आखडतो. मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय हे दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन दोन-चार दिवसांतही चढू शकतं, त्यात माणूस पाणी कमी पीत असेल किंवा जुलाब होत असतील तर जास्तच. डायक्लोफेनॅक, नॅप्रोक्सेन, इंडोमेथॅसिन, एटोरिकॉक्सिब, एसिक्लोफेनॅक ही सगळी एकाच कुळातली. मेडिकलवाल्याला बीपीच्या गोळीत काय आहे हे कुणी सांगितलं नसणार, त्यालाही विचारायचं सुचलं नसणार. डायक्लोफेनॅक अजून चालू असेल तर थांबवा आणि युरिक ॲसिडबरोबर क्रिएटिनिन करून घ्या. लघवी कमी होणं, पायावर किंवा चेहऱ्यावर सूज, बीपी वाढलेलं, यातलं काही दिसलं तर दोन-चार आठवडे न थांबता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

एक इशारा इथेच देते, कारण तो थांबू शकत नाही. सांध्यात जंतुसंसर्ग झाला तरी तो असाच लाल, गरम आणि सुजलेला दिसतो, आणि तिथे एकेक तास मोलाचा असतो. थंडी वाजून ताप आला, नखाशी किंवा बोटांच्या बेचक्यात जखम असली, लाली पावलावरून वर चढू लागली, माणसाला मधुमेह असला, किंवा औषध सुरू करून दोन दिवसांत काहीच उतार नाही, तर घरी थांबू नका. हॉस्पिटलमध्ये सांध्यातलं पाणी सुईने काढून तपासतात. त्यातच जंतू आहेत का ते कळतं आणि खास सूक्ष्मदर्शकाखाली युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक दिसले तर गाऊट पक्का होतो. दर वेळी याची गरज पडत नाही, पण शंका असेल तेव्हा हीच तपासणी निर्णायक. एक्स-रे सुरुवातीच्या वर्षांत बहुधा साफच येतो, त्यावर पैसे घालवू नका.

पुढच्या वेळी असं झालं तर काय करायचं? (पुढची वेळ येईल असं धरून तयारी ठेवावी.) झटका सुरू झाल्यापासून पहिल्या बारा तासांत औषध मिळालं तर तो लवकर आटोक्यात येतो, तिसऱ्या-चौथ्या दिवशी दिलेल्या औषधाचा परिणाम पुष्कळ कमी. म्हणून एकदा झटका येऊन गेलेल्या माणसाने आपल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी लिहून घेऊन औषध घरात ठेवावं. तुमच्या यजमानांची मूत्रपिंडं ठीक निघाली तर मी त्यांच्यासाठी कॉल्चिसिनचा विचार करेन. आपल्याकडे ०.५ मिलिग्रॅमची गोळी मिळते. दुखायला लागताच दोन गोळ्या एकदम, एका तासाने आणखी एक, त्या दिवशी बस. दुसऱ्या दिवसापासून सकाळ-संध्याकाळ एकेक, ठणका जाईपर्यंत. जुन्या काळी जुलाब लागेपर्यंत दर तासाला कॉल्चिसिन देत असत. ती पद्धत केव्हाच मोडीत निघाली, कारण या औषधाचा जास्त डोस जिवावर बेततो. ‘अजून दुखतंय’ म्हणून वाढीव गोळी घ्यायची नाही. क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक चालू असेल तर हा डोससुद्धा चालत नाही, आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. ज्यांना हे औषध चालत नाही त्यांना प्रेडनिसोलोन रोज ३० मिलिग्रॅमच्या आसपास, साधारण पाच दिवस देतात. गुण चांगला येतो, पण साखर वाढते, म्हणून आधी साखर बघावी लागते.

गोळीच्या जोडीला बर्फानेही आराम मिळतो. बर्फाचे तुकडे रुमालात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा. सासूबाईंचा जीव तुटतो म्हणून त्या तेल लावून शेकतायत, त्यांना रागावू नका. फक्त समजावून सांगा की हा सांधा आतून आधीच पेटलेला आहे, शेकल्याने आणि चोळल्याने ठणका वाढतो. त्यांच्या हातात बर्फाचा रुमाल द्या. पाय उशीवर उंच ठेवायचा. चादर सहन होत नसेल तर दुकानातलं बिस्किटांचं रिकामं खोकं घ्या, एक बाजू कापा, पालथं करून पावलावर ठेवा आणि चादर त्यावरून घाला. माणसाला निदान झोप लागते. दोन-तीन दिवस दुकानात उभं राहायचं नाही, बूट नाही, सैल चप्पल. पाणी भरपूर प्यायचं, हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन नसेल तर दिवसाला दोन-अडीच लिटर.

आता तुमची डाळ. ती आजच सुरू करा. शरीरात ज्यापासून युरिक ॲसिड बनतं ते प्युरीन डाळींमध्ये, पालकात, फ्लॉवरमध्ये, मशरूममध्ये असतं हे खरं, पण वनस्पतींतल्या प्युरीनने गाऊटचा धोका वाढत नाही हे मोठ्या अभ्यासांतून वारंवार दिसलं आहे. टोमॅटोने दुखलं असं काही रुग्ण सांगतात. तुमच्या यजमानांना तसा अनुभव नसेल तर तोही बंद करायचं कारण नाही. गाऊटच्या भीतीने वरण-भात सोडून बसलेली घरं मी नेहमी पाहते आणि वाईट वाटतं, कारण त्याच घरात बिअर आणि कलेजी चालू असते.

पथ्य करायचंच तर नेमक्या जागी करा. बिअर सगळ्यात वाईट, कारण तिच्यात प्युरीनही आहे आणि अल्कोहोल युरिक ॲसिड बाहेर पडू देत नाही. व्हिस्की-रम तिच्याहून थोडी बरी, पण निर्दोष नाही. कलेजी, वजडी, भेजा, पायाचं सूप हे टाळायचं. मटणाचे दोन-तीन तुकडे कधीतरी खाल्ले तर फार बिघडत नाही, पण वाट्यांवर वाट्या रस्सा नको, शिजताना प्युरीन पाण्यात उतरतं. तुम्ही समुद्रकाठच्या, म्हणून मासळीचं वेगळं सांगते. तारली, मांदेली, बांगडा, तिसऱ्या यांत प्युरीन जास्त. पावसाळ्यात मासेमारी बंद असताना घरोघरी सुकट आणि जवळा निघतो. सुकवलेल्या मासळीतलं पाणी उडालेलं असतं, त्यामुळे मूठभर जवळ्यात ताज्यापेक्षा कितीतरी जास्त प्युरीन जातं. तो चवीपुरता ठेवा. पापलेट-सुरमईचे एक-दोन तुकडे आठवड्यातून दोनदा चालतील. अंडी चालतात. दूध, दही आणि ताक तर उपयोगाचेच, त्यांनी धोका कमी होतो. कॉफी पीत असतील तर बंद करू नका.

एक गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही, ती म्हणजे गोड पेयं. कोल्ड्रिंक, पॅकिंगमधला फळांचा रस, साखरेच्या पाकातलं सरबत यांतल्या फ्रुक्टोजपासून शरीरात थेट युरिक ॲसिड तयार होतं. दुकानदाराच्या हाताशी फ्रिज असतो, दुपारी एक बाटली उघडली जातेच. यजमानांना विचारून बघा. वजन जास्त असेल तर ते हळूहळू कमी करा. एकदम उपाशी राहून किंवा निर्जळी उपास करून उलट झटका येतो, कारण उपाशीपोटी युरिक ॲसिड बाहेर पडायचं थांबतं.

एवढं सगळं मनापासून पाळलं तरी युरिक ॲसिड साधारण एकाने उतरतं, क्वचित थोडं जास्त. ज्याचं ९ आहे त्याला पथ्याने ६ च्या खाली आणणं अवघड, आणि त्यात त्याच्या निग्रहाचा दोष नसतो. त्याची मूत्रपिंडं ते पुरेसं बाहेर टाकत नाहीत, बऱ्याचदा ते घराण्यातूनच आलेलं असतं. दिरांचा आकडा पाहता तुमच्या सासरीही तसं असू शकेल.

युरिक ॲसिड कमी करणारी रोजची गोळी, म्हणजे ॲलोप्युरिनॉल, तुमच्या यजमानांना लागेल का? आज सांगता येणार नाही. दोन वर्षांत दोन झटके, हे काठावरचं प्रकरण आहे. वर्षात दोन किंवा जास्त झटके, कानाच्या पाळीवर, कोपरावर किंवा बोटांवर पांढुरक्या गाठी, एक्स-रेमध्ये हाड खाल्लेलं, असं असेल तर गोळी लागतेच. मूत्रपिंड कमकुवत निघालं, मुतखडा असला, किंवा आकडा ९ च्या वर गेला तर लवकर सुरू करण्याकडे माझा कल असतो. तुमच्या घरी मी आधी बीपीची गोळी बदलून, बिअर थांबवून, दोन-तीन महिन्यांनी आकडा परत बघेन. तो ६ च्या खाली आला आणि झटका नसेल तर थांबता येईल. वरच राहिला तर गोळीबद्दल बसून बोलावं लागेल.

सुरू झालीच तर तीन गोष्टी लक्षात असू द्या. ती १०० मिलिग्रॅमपासून, मूत्रपिंड अशक्त असेल तर त्याहूनही कमी, आणि दर दोन-चार आठवड्यांनी रक्त तपासून ६ च्या खाली येईपर्यंत वाढवायची असते. पुष्कळ जण १०० वरच वर्षानुवर्षं अडकून राहतात, मग ‘गोळीने काही होत नाही’ म्हणतात. पहिल्या काही महिन्यांत उलट झटके वाढू शकतात, कारण साठलेले स्फटिक विरघळताना हलतात. म्हणून जोडीला तीन ते सहा महिने कॉल्चिसिनचा छोटा डोस देतात. आणि मध्ये झटका आला तरी ॲलोप्युरिनॉल बंद करायची नाही. फक्त अंगावर पुरळ आलं तर त्याच क्षणी थांबवून डॉक्टरांकडे जायचं, ते क्वचितच येतं, पण फार गंभीर होऊ शकतं.

दिरांचं सोपं आहे. सांध्याचा झटका कधीच आला नसेल आणि मुतखडा नसेल तर नुसत्या ८.२ या आकड्यासाठी गोळी घ्यायची गरज नाही, कारण असं युरिक ॲसिड असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर गाऊट होत नाही. त्यांनी बीपी, साखर आणि क्रिएटिनिन एकदा तपासून घ्यावं, बीपीची गोळी घेत असतील तर पाकिटामागची नावं वाचावीत. आणि एखाद्या पहाटे अंगठा असाच पेटला, तर त्यांनी मेडिकलच्या आधी डॉक्टरांचं दार वाजवावं.